दूध उतू गेलं, जंतू मेले का?

एक गाय घेऊ. कल्पनेतलीच, पण अशा गाया पुष्कळ आहेत. सातव्या महिन्यात ती गाभडली. जार अडकला, आठवडाभर तिचं खाणं कमी झालं, मग ती सावरली. पुढच्या वर्षी पुन्हा गाभण राहिली, वेळेवर व्याली आणि वासरू धडधाकट झालं. आता ती भरपूर दूध देते. कास मऊ आहे, सड नीट आहेत, दुधात गाठी नाहीत, वास नाही, रंगही ठीक. गोठ्यातल्या कुणालाही विचारलं तर म्हणेल, "त्या वर्षी काहीतरी झालं होतं, आता काही नाही."

पण तिच्या कासेत, आणि कासेच्या वर मागच्या बाजूला असलेल्या लसिका ग्रंथींमध्ये, ब्रुसेला नावाचा जंतू मुक्काम ठोकून बसलेला असू शकतो. तो अधूनमधून दुधात उतरतो. एका आठवड्यात सापडतो, पुढच्या आठवड्यात सापडत नाही, वासरू झाल्यावर पुन्हा सापडतो. असं वर्षानुवर्षं चालू राहू शकतं. कच्च्या दुधाचा धोका समजायचा असेल तर ही गाय डोळ्यांसमोर ठेवावी. दूध घाण हातांनी काढलं, भांडं नीट धुतलं नाही, माशी पडली, ही कारणं खरीच. पण ब्रुसेलाला त्यातल्या कशाचीच गरज नसते. तो जनावराच्या आतूनच दुधात येतो. धुतलेल्या कासेतून, उकळलेल्या भांड्यात, स्वच्छ हातांनी काढलेल्या धारेतही तो असू शकतो. "आमचं दूध एकदम स्वच्छ असतं" हे वाक्य खरं असूनही इथे उपयोगाचं नाही.

जनावर ठणठणीत दिसतं आणि दुधातून आजार देतं, ही गोष्ट पचायला माणसाला बराच वेळ लागला. माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांना एक विचित्र ताप येत असे. काही दिवस चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. १८८७ साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून त्याचा जंतू, म्हणजे हाच ब्रुसेला, वेगळा काढला. जंतू हाती आला, पण तो सैनिकांपर्यंत येतो कुठून, हे पुढे जवळजवळ अठरा वर्षं कळलं नाही. पाणी, धूळ, डास, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झामित या माल्टाच्याच डॉक्टरने शेळ्यांचं रक्त तपासलं. त्याआधी शेळ्यांवर कुणाचा संशय नव्हता, कारण त्या आजारी दिसतच नव्हत्या. तपासलेल्या शेळ्यांपैकी सुमारे निम्म्या शेळ्यांच्या रक्तात संसर्गाची खूण निघाली आणि दहापैकी साधारण एकीच्या दुधात प्रत्यक्ष जंतू सापडले. सैनिकांच्या जेवणातून शेळीचं कच्चं दूध काढून टाकल्यावर छावणीतले शेकडो रुग्ण दोन वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले.

गायींची गोष्ट वेगळ्याच वाटेने चालली होती. डेन्मार्कमध्ये बर्नहार्ड बँग यांनी १८९७ मध्ये गाया गाभडण्यामागचा जंतू शोधला. माल्टाचा ताप आणि गायींचं गाभडणं यांचा एकमेकांशी संबंध आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही. तो संबंध दाखवला अमेरिकेतल्या ॲलिस इव्हान्स यांनी, १९१८ मध्ये. दोन्ही जंतू जवळचे नातेवाईक आहेत, म्हणून गायीचं कच्चं दूधही माणसाला धोक्याचं असू शकतं, असं त्यांनी मांडलं. दूध व्यवसायातल्या लोकांना ते आवडलं नाही आणि बऱ्याच शास्त्रज्ञांनाही पटलं नाही. पुढे १९२२ मध्ये प्रयोगशाळेत काम करताना खुद्द इव्हान्स यांनाच हा संसर्ग झाला आणि त्याने त्यांना कित्येक वर्षं छळलं.

हा जंतू इतका चिवट का, ते त्याच्या राहणीत आहे. शरीरात जंतू शिरला की पांढऱ्या पेशी त्याला गिळतात आणि आपल्या पोटातल्या पाचक रसांनी विरघळवतात. बहुतेक जंतूंची गोष्ट तिथे संपते. ब्रुसेला मात्र गिळला गेल्यावर त्या पाचक रसांची पिशवी आपल्यापर्यंत पोचूच देत नाही आणि त्या पेशीच्याच पोटात घर करून वाढतो. पेशी फिरेल तिथे तो फिरतो. जनावरात त्याला कास आणि गर्भाशय विशेष मानवतं. गुरं, शेळ्या, मेंढ्या यांच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाची एक साखर असते आणि ती ब्रुसेलाला फार आवडते. म्हणून गाभणपणाच्या शेवटच्या तिसऱ्या भागात वारेत त्याची प्रचंड वाढ होते आणि गर्भ पडतो. माणसाच्या शरीरात तो सांधे, पाठीचा कणा, यकृत, प्लीहा, पुरुषांमध्ये वृषण अशा ठिकाणी ठाण मांडतो. चढ-उताराचा ताप, रात्री घामाने भिजलेलं अंथरूण, कंबर आणि सांध्यांची दुखणी, न संपणारा थकवा. लक्षणं दिसायला एक आठवडा ते काही महिने लागतात. म्हणजे ताप आला तेव्हा दोन महिन्यांपूर्वी प्यायलेलं दूध कुणाला आठवतच नाही. पेशींच्या आत लपलेल्या जंतूला गाठायचं म्हणून प्रतिजैविकंही एकाला दोन जोडून साधारण सहा आठवडे घ्यावी लागतात. चार दिवसांत बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडल्या तर दुखणं उलटतं.

पोटातल्या आम्लात हे जंतू मरत नाहीत का? बरेच मरतात. पण दूध स्वतःच आम्लाचा जोर कमी करतं, आणि ब्रुसेलाकडे युरिएज नावाचं एक विकर असतं, त्याच्या मदतीने तो आपल्याभोवतीचं आम्ल थोडं मवाळ करून घेतो. तेवढ्यावर काही जण पलीकडे पोचतात.

आता आपल्या गायीचं दूध आणखी नऊ गायींच्या दुधात मिसळलं, असं समजा. जंतू दहापट विरळ झाले, पण गेले नाहीत. धोका एका भांड्यात होता, तो आता दहा भांड्यांत पसरला. दूध थंड ठेवलं तरी ब्रुसेला मरत नाही. उलट थंडी त्याच्या पथ्यावर पडते. बाहेर ठेवलेलं कच्चं दूध आंबतं आणि ते आम्ल ब्रुसेलाला हळूहळू मारतं. थंड दूध आंबत नाही, म्हणून त्यात तो जास्त दिवस टिकतो. गोठवल्यानेही त्याचा निकाल लागत नाही. कच्च्या दुधाच्या मऊ, ताज्या चीजमध्ये तो आठवडेच काय, महिनेसुद्धा तग धरू शकतो. वर तरंगणाऱ्या सायीचंही तेच. जंतू चरबीच्या गोळ्यांना चिकटून वर येतात, त्यामुळे न तापवलेल्या दुधावरची साय खालच्या दुधापेक्षा जास्त जंतू बाळगून असू शकते.

हे वर येणं पारखून एक सुंदर चाचणी निघाली आहे. संसर्ग झालेल्या गायीच्या दुधात ब्रुसेलाविरुद्धची प्रतिद्रव्यं असतात. परीक्षानळीत थोडं दूध घेऊन त्यात मेलेल्या, निळ्या रंगवलेल्या ब्रुसेलाचे थेंब टाकतात आणि नळी ऊबेत ठेवतात. दुधात प्रतिद्रव्यं असतील तर ती रंगीत जंतूंना एकमेकांशी आणि चरबीच्या गोळ्यांशी बांधतात. साय वर येताना ते निळे जंतू सोबत घेऊन येते. वर निळं कडं, खाली पांढरं दूध, म्हणजे संशयाला जागा आहे. खाली निळसर दूध आणि वर पांढरी साय, म्हणजे प्रतिद्रव्यं सापडली नाहीत. कळपाचं एकत्र दूध चाळून पाहायला ही पद्धत स्वस्त आणि भराभर होणारी आहे. पण नुकत्याच व्यालेल्या गायीचा चीक, कास सुजलेल्या जनावराचं दूध किंवा आटत आलेलं दूध असेल तर निरोगी जनावराचंही कडं निळं येऊ शकतं. म्हणून कडं दिसलं की पुढचं पाऊल एकेका जनावराचं रक्त तपासण्याचं. एका नळीवरून कुणी गाय विकायला काढली तर ती घाई झाली.

आता पातेल्याकडे येऊ. "उकळल्याने जंतू निघून जातात" असं आपण म्हणतो. खरं तर काहीच निघून जात नाही. जंतू मरतात आणि त्यांची कलेवरं दुधातच राहतात. ती आपण पितो, त्याने काही बिघडत नाही.

मरणं हे बटण दाबल्यासारखं होत नाही, हे मात्र नीट समजून घेतलं पाहिजे. एका ठरावीक तापमानाला ठरावीक वेळात जंतूंचा ठरावीक हिस्सा मरतो. समजा एका लिटर दुधात दहा लाख जंतू आहेत आणि आपण धरलेल्या तापमानाला दर दहा सेकंदांत शंभरातले नव्वद मरतात. दहा सेकंदांनी उरले एक लाख, वीस सेकंदांनी दहा हजार, तीसला हजार. साठ सेकंदांनी उरतो एक. सत्तर सेकंदांनी? गणित म्हणतं एक दशांश जंतू. त्याचा अर्थ असा की अशा दहा लिटरांत मिळून एखादा जंतू सापडेल. सुरुवातीला जंतू जितके जास्त, तितका वेळ जास्त. दूध स्वच्छ काढण्याचं महत्त्व इथे परत येतं, पण वेगळ्या दाराने.

तापमान वाढवलं की ही वेळ फार झपाट्याने कमी होते. पाश्चरीकरणाच्या दोन जुन्या ठरलेल्या पद्धती आहेत. ६३ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं, किंवा ७२ अंशाला १५ सेकंद. फरक फक्त नऊ अंशांचा, आणि वेळ १२० पटींनी कमी. हे आकडे ब्रुसेलासाठी ठरवलेलेही नाहीत. दुधातून येणाऱ्या, बीजाणू न करणाऱ्या रोगजंतूंपैकी उष्णतेला सर्वांत चिवट समजला जातो तो कॉक्सिएला हा क्यू तापाचा जंतू. तो मरावा म्हणून हे आकडे बेतलेले आहेत. ब्रुसेला त्यापेक्षा मऊ आहे. पाश्चरीकरणातच तो संपतो, मग पातेल्यातल्या खऱ्या उकळीत तर त्याला काही वावच नाही. उंच डोंगरावर पाणी कमी तापमानाला उकळतं ही शंकाही इथे लागू नाही. तीन हजार मीटर उंचीवरही दूध साधारण ९० अंशाला उकळतं, आणि ते बहात्तरच्या कितीतरी वर आहे.

मग चुकतं कुठे? बहुतेक वेळा दूध उकळतच नाही, फक्त तापतं. बोट बुडवलं आणि चटका बसला, तर ते पन्नासच्या आसपासही असू शकतं, कारण आपल्या कातडीला पंचेचाळीसच्या पुढेच पोळायला लागतं. वाफ दिसू लागली याचाही अर्थ उकळलं असा नाही. बाळाला कोमट, खोकला आला म्हणून गरम, असं तापवलेलं दूध चवीला उकळलेल्यासारखं लागतं, पण ब्रुसेलाच्या दृष्टीने ती नुसती गरम अंघोळ झाली. मायक्रोवेव्हमध्ये तर एकाच पेल्यात एक भाग फसफसतो आणि दुसरा कोमट राहतो.

उतू जाणं हा नक्कीच चांगला इशारा आहे, पण तोही नीट वाचावा लागतो. तळाशी वाफेचे बुडबुडे तयार होतात. वर प्रथिनं आणि चरबीची साय धरलेली असते, ती वाफ अडवून ठेवते आणि फेस एकदम वर येतो. मोठ्या आचेवर, न ढवळता ठेवलेल्या मोठ्या पातेल्यात तळ उकळत असताना वरचा थर मागे राहिलेला असू शकतो. त्यात भर म्हणजे फेस हा हवेने भरलेला, त्यामुळे तो दुधाइतका तापत नाही. दूध टाकीत भरून सावकाश पाश्चराइझ करतात तिथे दुधाच्या वरची हवासुद्धा दुधासाठी ठरलेल्या किमान तापमानापेक्षा काही अंश जास्त तापलेली ठेवण्याचा नियम आहे, तो याच कारणाने. घरात एवढा खटाटोप लागत नाही. आच मध्यम ठेवून तळापर्यंत ढवळत राहावं, फेस वर आला की आच कमी करावी आणि ढवळतानाही बुडबुडे येत राहतील असं एक-दोन मिनिटं ठेवावं. साय मोडली, कडेला चिकटलेलं दूध खाली ओढलं की झालं. दहा-दहा मिनिटं उकळत ठेवण्याने ब्रुसेला आणखी मरत नाही. तो आधीच मेलेला असतो. दूध मात्र आटतं आणि तळाशी लागतं.

मारलेल्या जंतूंची खूण पाहता येते का? घरात नाही, पण डेअरीत येते. कच्च्या दुधात अल्कलाइन फॉस्फटेज नावाचं विकर असतं. ते रोगजंतूंपेक्षा थोडं जास्त चिवट आहे, आणि पाश्चरीकरणाच्या उष्णतेत नेमकं निकामी होतं. म्हणून १९३० च्या दशकापासून डेअऱ्या दूध तापल्यावर हे विकर उरलं आहे का ते पाहतात. उरलं असेल तर एक तर दूध नीट तापलं नाही, किंवा नंतर त्यात कच्चं दूध मिसळलं. जंतू शोधत बसायला दिवस लागतात, हा साक्षीदार काही मिनिटांत बोलतो. या चाचणीच्या कल्पकतेचं मला अजूनही कौतुक वाटतं.

उकळीच्या हाताबाहेरच्या गोष्टीही आहेत. बॅसिलससारखे काही जंतू बीजाणू करतात, म्हणजे जाड कवचात झोपून जातात. शंभर अंशाला ते मरत नाहीत. उकळण्याने आंबवणारे साधे जंतू मात्र मेलेले असतात, त्यामुळे दूध कोमट ठेवलं तर बीजाणू जागे होतात आणि त्यांना मोकळं रान मिळतं. असं दूध कधी आंबट न होताच कडवट होतं, नासतं. आंबट वास नाही म्हणून चांगलं, हा हिशेब उकळलेल्या दुधाला लावता येत नाही. दुसरी गोष्ट विषांची. स्टॅफिलोकॉकस हा जंतू, विशेषतः कास सुजलेल्या जनावरातून, दुधात येतो आणि दूध तासन्‌तास गरम जागी राहिलं तर त्यात विष सोडतो. उकळलं की जंतू मरतो, विष राहतं. काही तासांत उलट्या सुरू होतात, आणि माणूस म्हणतो, "पण मी तर उकळून प्यायलो." जनावराला दिलेल्या प्रतिजैविकांचे अंश, बुरशी लागलेल्या चाऱ्यातून येणारं अफ्लाटॉक्सिन, हेही बहुतांशी तसेच राहतात. त्यांचा बंदोबस्त गोठ्यात होतो, चुलीवर नाही.

पोषणाचं नुकसान लोक समजतात त्यापेक्षा कमी आहे. काही ब जीवनसत्त्वं आणि मुळात थोडंच असलेलं क जीवनसत्त्व घटतं. पाण्यात विरघळणारी प्रथिनं उलगडतात, पण पचतात. कॅल्शियमचा थोडा भाग तळाला चिकटतो. साखर तशीच राहते, म्हणून ज्याला दूध पचत नाही त्याला उकळूनही पचत नाही.

आता पुन्हा त्या गायीकडे. ती गाभडली त्या दिवशी जार अडकला होता. तो कुणीतरी हाताने काढला. उघड्या हाताने, कदाचित बोटावर काप असताना. त्या वारेत आणि स्रावात जंतूंची संख्या दुधातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त होती. ते कातडीवरच्या बारीक जखमेतून, डोळ्यातून, उडालेल्या तुषारातून श्वासावाटेही शरीरात शिरतात. त्या माणसाने आयुष्यात कच्चं दूध प्यायलं नसेल, दूध रोज ढवळून, खदखदून उकळलं असेल, तरी दोन महिन्यांनी त्याला घाम आणि कंबरदुखीने घेरलं तर आश्चर्य नाही. अशा वेळी दवाखान्यात फक्त "कच्चं दूध पिता का?" असं विचारलं जातं आणि उत्तर "नाही" असं येतं. त्याने स्वतः होऊन "दोन महिन्यांपूर्वी आमची गाय गाभडली होती, जार मीच काढला" एवढं सांगितलं, तर रक्ताची योग्य तपासणी पहिल्याच भेटीत होऊ शकते.